‘ने’वर विसंबू नये

मराठी ही अर्गेटिव्ह भाषा आहे काय, असे कोणी विचारले, तर बहुतेक जण ‘रामाने’मधल्या ‘ने’कडे बोट दाखवतात. मला मात्र अनेक वर्षे असे वाटत आले आहे की, या प्रश्नात ‘ने’ हा सर्वांत कच्चा साक्षीदार आहे. तो जिथे असायला हवा तिथे अनेकदा नसतो, आणि जिथे त्याचे काही काम नाही तिथे हजर असतो. क्रियापदाच्या शेवटी येणारे लिंग-वचन त्याच्यापेक्षा पुष्कळ भरवशाचे आहे. या लेखात मला तेवढेच दाखवायचे आहे, पण ते दाखवण्यासाठी साधी वाक्ये थोडी निगुतीने रचावी लागतील.

आधी मूळ कल्पना पाहू. वाक्यातल्या तीन भूमिका वेगळ्या धरायच्या: अकर्मक क्रियेचा कर्ता, सकर्मक क्रियेचा कर्ता आणि सकर्मक क्रियेचे कर्म. या तिघांपैकी कोणत्या दोघांना भाषा एकसारखे वागवते, एवढाच प्रश्न आहे. दोन्ही कर्ते एका बाजूला आणि कर्म वेगळे अशी वाटणी संस्कृतच्या ‘रामः गच्छति’, ‘रामः ग्रन्थं पठति’ या वाक्यांत दिसते. अकर्मकाचा कर्ता आणि सकर्मकाचे कर्म एका बाजूला, आणि सकर्मकाचा कर्ता एकटा दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी झाली की तिला अर्गेटिव्ह म्हणतात. व्याख्या इतकी छोटी असली तरी एक गोष्ट तिच्यात अध्याहृत आहे: ही वाटणी कशात तपासायची, विभक्तीत, क्रियापदाच्या रूपात की वाक्यांच्या जोडणीत, हे आधी सांगावे लागते. या तिन्ही ठिकाणी उत्तर एकच निघेल अशी कोणतीही हमी नाही.

आता मराठीकडे येऊ. ‘मुलगा पडला’, ‘मुलगी पडली’. अकर्मक क्रियापद कर्त्याचे लिंग घेते. ‘मुलगा चिठ्ठी लिहितो’, ‘मुलगी चिठ्ठी लिहिते’. इथेही क्रियापद कर्त्यामागे जाते, म्हणजे दोन्ही कर्ते एका बाजूला आहेत. पण ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’ आणि ‘मुलाने लेख लिहिला’ ही वाक्ये पाहिली की कर्ता तोच असूनही क्रियापद बदललेले दिसते. ‘पडली’ जशी मुलीमागे गेली, तशी ‘लिहिली’ चिठ्ठीमागे गेली. अकर्मकाचा कर्ता आणि सकर्मकाचे कर्म एका रांगेत आले. शाळेत याला आपण कर्मणी प्रयोग म्हणालो होतो, आणि कर्माचे लिंग बदलून पाहण्याची युक्तीही तिथेच शिकलो होतो. भाषाशास्त्रातली चाचणी मुळात तीच आहे. फक्त तिची वाक्ये निवडताना दोन खड्डे चुकवावे लागतात.

पहिला खड्डा असा की, ‘मुलीने चिठ्ठी लिहिली’ हे वाक्य पुराव्यादाखल निरुपयोगी आहे. कर्ताही स्त्रीलिंगी, कर्मही स्त्रीलिंगी. क्रियापद कोणामागे गेले ते कळायला मार्गच नाही. दोघांची लिंगे वेगळी असली पाहिजेत. दुसरा खड्डा अधिक फसवा आहे. ‘मुलाने पत्र लिहिले’ या वाक्यात लिंगे वेगळी आहेत, तरीही ते चालत नाही, कारण मराठीत क्रियापद कोणाच्याच मागे जात नसले तरी ते नपुंसकलिंगी एकवचनीच असते. ‘लिहिले’ हे पत्राशी जुळले आहे की नुसतेच पडून आहे, हे त्या एका वाक्यातून ठरत नाही. म्हणून कर्म पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी घ्यावे, आणि शक्य तर त्याचे अनेकवचन करून पाहावे. ‘मुलाने चिठ्ठ्या लिहिल्या’ या वाक्यानंतर शंकेला जागा राहत नाही.

हे सगळे ‘लिहिली’त घडते आणि ‘लिहिते’त घडत नाही, म्हणून ‘भूतकाळात मराठी अर्गेटिव्ह असते’ असे वाक्य सहज तोंडी येते. ते वाक्य खरे नाही. ‘मुलगी लेख लिहीत होती’ हा भूतकाळच आहे. क्रियापद मात्र मुलीशी जुळते आणि ‘ने’चा पत्ता नाही. ‘मुलगी रोज लेख लिही’ हा व्याकरणातला रीतिभूतकाळ आता फक्त जुन्या वळणाच्या लेखनात भेटतो, पण तोही भूतकाळच, आणि तिथेही कर्ता प्रथमेत आहे. उलट ‘मुलीने उद्यापर्यंत लेख लिहिले असतील’ या वाक्यात काळ भूत नाही, तरी कर्त्याला ‘ने’ लागला आहे, ‘लिहिले’ लेखांशी जुळले आहे आणि ‘असतील’ हे सहायक क्रियापदसुद्धा लेखांच्या अनेकवचनामागे गेले आहे. ‘मुलीने लेख लिहिला आहे’ यात तर वर्तमानकाळच आहे. म्हणजे फरक पाडणारी गोष्ट काळ नव्हे. क्रिया पुरी झालेली म्हणून पाहिली आहे की चालू किंवा नेहमीची म्हणून, यावर रचना बदलते. मराठी व्याकरणात याला क्रियाव्याप्ती म्हणतात. क्रियाव्याप्तीमुळे दुभंगलेली अर्गेटिव्ह रचना ही अशी असते, आणि तिची चाचणी करायची म्हणजे काळ आणि क्रियाव्याप्ती यांची वाक्यात मुद्दाम फारकत करायची: भूतकाळ ठेवून पूर्णत्व काढून टाकायचे, मग पूर्णत्व ठेवून भूतकाळ काढून टाकायचा. दोन्ही वाक्ये हाती आली की निकाल लागतो. नुसत्या ‘लिहितो’ आणि ‘लिहिले’ या जोडीवरून तो लागत नाही, कारण त्या जोडीत काळ आणि व्याप्ती दोन्ही एकदम बदलतात.

असा दुभंग असलेल्या जगभरच्या भाषा पाहिल्या तर एक दिशा टिकून दिसते. अर्गेटिव्ह बाजू पूर्ण क्रियेकडे असते, अपूर्ण क्रियेकडे नाही. मराठी, हिंदी, गुजराती तर एकाच कुळातल्या आहेत, पण दूरच्या जॉर्जियन भाषेतही कर्त्याची वेगळी विभक्ती येते ती ज्या रूपमालेत पुरी झालेली क्रिया सांगतात तिथे, वर्तमानाच्या रूपमालेत नाही. याचे सार्वत्रिक कारण काय यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. एक मत असे की, अपूर्ण क्रियेच्या रचनेत खरे क्रियापद ‘असणे’सारखे अकर्मक असते, म्हणून कर्ताही अकर्मकाच्या कर्त्यासारखा वागतो. ‘लिहीत होती’ला ते छान बसते. पण ‘लिहिली आहे’तही सहायक क्रियापद आहे आणि तिथे कर्त्याला ‘ने’ लागतोच, तर ‘लेख लिही’मध्ये सहायक नाही आणि तिथे लागत नाही. मराठीपुरते मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. आपल्याकडचे कारण इतिहासात अधिक सरळ सापडते.

ते कारण असे. संस्कृतातले भूतकाळाचे तिङन्त प्रकार, म्हणजे कर्त्याच्या पुरुष-वचनाप्रमाणे चालणारी क्रियापदाची रूपे, प्राकृतांच्या वाटेत गळत गेले आणि त्यांची जागा ‘गत’, ‘लिखित’ अशा क्त-प्रत्ययान्त धातुसाधिताने घेतली. ‘रामः गतः’ यात ते कर्त्याचे विशेषण आहे. ‘रामेण ग्रन्थः लिखितः’ यात ते ग्रंथाचे विशेषण आहे आणि राम तृतीयेत आहे. विशेषण आपल्या विशेष्याचे लिंग-वचन घेणारच. पुढे त्याला ‘इल्ल’ जोडून आपला ‘ल’ तयार झाला: ‘गेला’, ‘लिहिला’. अपूर्ण बाजूचे ‘लिहितो’, ‘लिहिते’ मात्र ‘लिहिणारा, लिहिणारी’ या अर्थाच्या कर्तरी धातुसाधितातून आले आहेत, म्हणून त्यांचे विशेष्य कर्ताच राहिला. दोन वेगळ्या धातुसाधितांनी आपापली जुनी निष्ठा जपली आणि भाषेत दुभंग दिसू लागला. ज्ञानेश्वरीच्या शेवटी लेखनकाळ सांगणारी ओवी आहे: ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. या एका ओवीत संपूर्ण चाचणी बसली आहे. ‘केली’ हे टीकेशी जुळले आहे, ज्ञानेश्वरांशी नव्हे. ‘ज्ञानेश्वरें’ला तृतीयेचा ‘एं’ आहे. आणि ‘जाहला’ या अकर्मक क्रियेचा कर्ता सच्चिदानंदबाबा प्रत्ययाशिवाय उभा आहे. लक्षात घेण्यासारखे हे की तिथे ‘ने’ नाही. प्रत्यय बदलला, क्रियापदाची कर्माशी असलेली जुळणी सातशे वर्षे हलली नाही.

आता ‘ने’च्या साक्षीतल्या भोकांकडे वळू. ‘मी चिठ्ठी लिहिली’, ‘तू चिठ्ठी लिहिलीस’, ‘आम्ही चिठ्ठी लिहिली’. कर्त्याला काहीच लागलेले नाही. केवळ विभक्तीवर विसंबणारा अभ्यासक इथे म्हणेल की प्रथम आणि द्वितीय पुरुषात मराठी अर्गेटिव्ह नाही, आणि जगात अशा भाषा आहेतही, जिथे सर्वनामे एका पद्धतीने वागतात आणि नामे दुसऱ्या. पण क्रियापद पाहा. पुरुष बोलो की स्त्री, ‘मी चिठ्ठी लिहिली’ आणि ‘मी लेख लिहिला’. ‘मी पडलो’, ‘मी पडले’ यात दिसणारे बोलणाऱ्याचे लिंग इथे नाहीसे झाले आहे. जुळणीच्या हिशेबाने ही रचना ‘मुलाने’इतकीच अर्गेटिव्ह आहे.

मग ‘मी’ला विभक्ती नाही, की आहे पण ऐकू येत नाही? यासाठी एक सुंदर चाचणी आहे आणि ती प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडात तयार आहे. सर्वनामाला लागून एखादे नाम किंवा ‘सगळे’, ‘दोघे’सारखा शब्द ठेवायचा, कारण तो शब्द सर्वनामाचीच विभक्ती घेतो आणि त्याचे रूप लपू शकत नाही. ‘आम्ही सगळे पडलो.’ ‘आम्ही सगळे चिठ्ठी लिहितो.’ पण ‘आम्ही सगळ्यांनी चिठ्ठी लिहिली.’ इथे ‘आम्ही सगळे चिठ्ठी लिहिली’ म्हणून पाहा, जीभ अडते. तसेच ‘आम्ही दोघे गेलो’, पण ‘आम्ही दोघांनी ठरवले’. ‘तुम्ही मुले पळालात’, पण ‘तुम्ही मुलांनी खिडकी फोडलीत’. ‘आम्ही’ हे रूप दोन्हीकडे सारखेच ऐकू येते, पण शेजारचा शब्द त्याची खरी विभक्ती उघड करतो. जुन्या मराठीत ही रूपे वेगळी होतीही: ‘मी’च्या बाजूला ‘म्यां’, ‘तू’च्या बाजूला ‘त्वां’ किंवा ‘तुवां’. ‘म्यां केले’ हे लेखनात बराच काळ टिकले. पुढे कानाला ती रूपे एक झाली, पण वाक्याची घडण एक झाली नाही. ‘कोण’चा विचार केला तर उरलासुरला संशयही जातो: ‘कोण पडले?’ पण ‘कोणी लिहिले?’. इथे ‘ने’ नाही, पण रूप वेगळे आहे.

दुसरीकडे ‘ने’ नको तिथे येतो. ‘त्याने काठीने दार ढकलले’ यातला दुसरा ‘ने’ साधनाचा आहे, तो सोडून देऊ. महत्त्वाचे उदाहरण कर्तव्य सांगणाऱ्या वाक्यांचे आहे: ‘मुलाने चिठ्ठी लिहावी’. क्रिया पुरी झालेली नाही, सुरूही झालेली नाही, तरी ‘ने’ आहे आणि ‘लिहावी’ चिठ्ठीशी जुळले आहे. मग क्रियाव्याप्तीचा नियम मोडला का? अकर्मक क्रियापद घालून पाहिले की खुलासा होतो: ‘मुलाने लवकर निजावे.’ इथे अकर्मकाच्या कर्त्यालाही ‘ने’ लागला. दोन्ही कर्त्यांना एकच प्रत्यय, म्हणजे विभक्तीच्या बाबतीत ही वाटणी अर्गेटिव्ह नव्हेच. (‘पाऊस पडावा’ ही इच्छा झाली, कर्तव्य नव्हे, तिथे ‘ने’ येत नाही.) सकर्मक वाक्यात ‘ने’ दिसला म्हणून तिथेच थांबायचे नाही, त्याच रूपातले अकर्मक वाक्य शेजारी ठेवल्याशिवाय काहीही सिद्ध होत नाही, ही शिस्त मला या एका जोडीमुळे पटली.

उलट बाजूचे अपवादही आहेत. ‘मुलगी धडा शिकली’, ‘मुलगा कविता विसरला’, ‘ती शालू नेसली’. क्रिया पुरी, कर्म हजर, लिंगे वेगळी, आणि तरी क्रियापद कर्त्यामागे. शिकणे, विसरणे, नेसणे, पिणे अशा मोजक्या क्रियापदांचा हा गट आहे, आणि त्यांच्यात एक समान धागा दिसतो: क्रियेचा परिणाम कर्मापेक्षा कर्त्यावर अधिक होतो, धडा होता तसाच राहतो, मुलगी बदलते. काही क्रियापदे दोन्ही दारांनी येतात. ‘मुलगी सामना जिंकली’ आणि ‘मुलीने सामना जिंकला’ ही दोन्ही वाक्ये कानावर पडतात. पण ‘मुलगी सामना जिंकला’ किंवा ‘मुलीने सामना जिंकली’ असे कोणी म्हणत नाही. विभक्ती आणि जुळणी एकत्रच उलटतात. तेव्हा हे बोलणाऱ्याच्या ढिलेपणाने घडत नाही. भाषेपुढे दोन पुरत्या रचना असतात आणि बोलणारा त्यातली एक निवडतो.

एवढे पाहिल्यावर एक जुनी शंका उभी राहते. क्रियापद कर्मामागे जाते, कर्ता तृतीयेत आहे, इतिहासही तसाच आहे. मग ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’ हे सरळ कर्मवाच्य का म्हणू नये? कारण त्यासाठी मराठीत वेगळी रचना आहे, ‘मुलाकडून चिठ्ठी लिहिली गेली’, आणि मुख्य म्हणजे वाक्ये जोडताना ‘मुलाने’ हाच कर्त्याचे सगळे अधिकार वापरतो. ‘मुलीने घरी येऊन कुत्रा सोडला.’ ‘सोडला’ कुत्र्याशी जुळले आहे, पण घरी आली ती मुलगी. कुत्रा घरी आला असा अर्थ कोणीही काढणार नाही. ‘आईने बाबांना पाहिले आणि परतली’ यात दुसऱ्या क्रियेचा न उच्चारलेला कर्ता आईच आहे, जरी पहिल्या वाक्यात ती ‘ने’ घेऊन आली होती. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य क्वीन्सलँडमधल्या ड्यिर्बल भाषेत, जिचे व्याकरण आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी 1972 साली प्रसिद्ध केले, याच घडणीच्या वाक्यात परतणारे बाबा ठरतात. तिथे वाक्यांची जोडणीदेखील अर्गेटिव्ह आहे. मराठीची अर्गेटिव्ह घडण रूपापुरती आहे. वाक्य जोडताना मराठी संस्कृतसारखीच कर्त्याकडे पाहते.

जुळणीवर माझा भरवसा असला तरी ती जिथे मुकी होते ती जागाही सांगितली पाहिजे. ‘मुलाने मुलीला बोलावले’, ‘मुलीने मुलांना बोलावले’. कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागताच क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसते, हा आपला भावे प्रयोग. इथे जुळणीला विचारून काही मिळत नाही आणि विभक्तीच ऐकावी लागते, ती मात्र वेगळीच गोष्ट सांगते: सकर्मकाच्या कर्त्याला ‘ने’, कर्माला ‘ला’, अकर्मकाच्या कर्त्याला काहीच नाही. तिघेही वेगवेगळे, म्हणजे ही अर्गेटिव्ह वाटणीही नाही आणि दुसरीही नाही. ‘आईने मुलीला निजविली’ असे बोलणारेही आहेत, जिथे ‘ला’ लागूनही क्रियापद कर्माचे लिंग सोडत नाही. जुने व्याकरणकार त्याला कर्म-भाव संकर म्हणत.

संकराचा मला अधिक आवडणारा प्रकार दुसरा आहे. ‘तू चिठ्ठी लिहिलीस.’ या एका रूपात ‘ली’ चिठ्ठीशी जुळली आहे आणि ‘स’ तुझ्याशी. ‘तू लेख लिहिलास’, ‘तू चिठ्ठ्या लिहिल्यास’. मधले अक्षर कर्मासोबत हलते, शेवटचे हलत नाही. तोच ‘स’ ‘तू पडलास’मध्ये अकर्मकाच्या कर्त्याला आणि ‘तू लिहितोस’मध्ये अपूर्ण क्रियेच्या कर्त्यालाही लागतो, म्हणजे ‘स’पुरते मराठीत सगळे कर्ते एका बाजूला आहेत, क्रिया पुरी असो वा नसो. प्रथम पुरुषात याच्याशी तुलना करावी तर निराशा होते: ‘पडलो’मधला ‘मी’ सांगणारा ‘ओ’ ‘मी चिठ्ठी लिहिली’त अजिबात उमटत नाही. त्यामुळे क्रियापदाचे रूप अर्गेटिव्ह आहे की नाही, हा प्रश्नसुद्धा मराठीत अक्षरागणिक विचारावा लागतो. ‘लिहिलीस’मधल्या ‘ली’चे उत्तर ‘होय’ आहे, ‘स’चे ‘नाही’. परीक्षेत हा प्रयोग ओळखायला आला की विद्यार्थी कर्मणी लिहितात आणि अर्धे गुण गमावतात. कर्तृ-कर्म संकर हे नाव देणाऱ्याने ते अक्षर वेगळे काढून पाहिले होते, हे मात्र खरे.